वाटणीपत्रात नाव आहे, सही नाही : या चुका टाळा

दोन भावांचं एक वाटणीपत्र डोळ्यांसमोर आणा. आईवडील गेलेले, बहीण नाही. थोरल्याच्या वाट्याला बाजारपेठेतला गाळा आला, धाकट्याच्या वाट्याला राहतं घर आणि दीड एकर जमीन. गाळ्याची किंमत जास्त, म्हणून थोरल्याने दोन गोष्टी कबूल केल्या. विधवा आत्याला तो हयातभर दरमहा ६,००० रुपये देईल, आणि धाकट्याने स्वतःच्या नावावर पतसंस्थेकडून काढलेलं ७ लाखांचं कर्ज यापुढे तोच फेडेल. कागदावर दोघा भावांच्या सह्या झाल्या, दुय्यम निबंधकाकडे नोंदणीही झाली. आत्याची सही नाही, पतसंस्थेची तर नाहीच. चौदा महिने सगळं सुरळीत चाललं आणि मग थोरल्याने दोन्हीकडचे पैसे देणं थांबवलं.

आता आत्या विचारते, "माझं नाव कागदात आहे ना?" पतसंस्थेचा वसुली अधिकारीही नेमकं हेच विचारतो. कागद एक, सह्या त्याच, तरी दोघांची उत्तरं वेगळी येतात. माझ्याकडे येणाऱ्या अशा कागदांतल्या बहुतेक चुका या दोन उत्तरांमधला फरक न कळल्यामुळे होतात.

नाव छापलं म्हणजे हक्क मिळाला, असं समजणं

कराराचा मूळ नियम कडक आहे. करार ज्यांच्यात झाला तेच तो एकमेकांविरुद्ध बजावू शकतात, तिऱ्हाइताला त्यावर दावा लावता येत नाही. वकिली भाषेत याला प्रिव्हिटी ऑफ कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. नियम आला इंग्लंडमधून, पण तिथून येताना त्याचा एक तुकडा गळून पडला आणि घोळ तिथेच होतो. इंग्लंडमध्ये १८६१ च्या ट्वेडल खटल्यापासून असं धरलं गेलं की मोबदला ज्याने दिला नाही त्याला दावा करता येत नाही. आपल्या १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २(ड) मध्ये मात्र मोबदला वचन घेणाऱ्याने 'किंवा अन्य कोणत्याही व्यक्तीने' दिलेला चालतो. म्हणजे आत्याने पदरचा पैसा घातला नाही म्हणून तिचं काही अडत नाही. अडतं ते इतकंच की तिच्याशी करारच झालेला नाही.

हा फरक ज्याला कळला त्याला सर्वांत स्वस्त उपायही सापडतो. १८८२ च्या चिन्नय्या विरुद्ध रामय्या या मद्रासच्या खटल्यात आईने मुलीला मिळकत बक्षीस दिली, आणि आईच्या भावंडाला दरसाल ठरावीक रक्कम द्यायची अट घातली. मुलीने त्याच दिवशी त्या नातेवाइकाला वेगळा लेख लिहून दिला. पुढे पैसे थांबले तेव्हा मुलीचा बचाव होता की समोरच्याने मला काहीच दिलेलं नाही. कोर्टाने तो फेटाळला, कारण मोबदला आईकडून आला होता आणि करार थेट त्या नातेवाइकाशी झाला होता. आपल्या उदाहरणात थोरल्याने आत्याच्या नावे दोन पानांचा वेगळा करारनामा लिहून दिला असता, किंवा वाटणीपत्रातच तिला तिसरी पक्षकार करून तिची सही घेतली असती, तर पुढचं काहीच लिहावं लागलं नसतं. 'म्हातारीला कुठे कचेरीत न्यायचं' म्हणून ही सही राहते, असा माझा अनुभव आहे.

अपवादावर विसंबताना तो अर्धाच वाचणं

सही नसली तरी आत्याची बाजू लंगडी नाही. कुटुंबातल्या वाटणीत किंवा तडजोडीत बाईमाणसाच्या पोटगीची, लग्नखर्चाची तरतूद केली असेल तर ती बाई पक्षकार नसतानाही दावा करू शकते, हे आपली न्यायालयं शंभरेक वर्षं मानत आली आहेत. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम १५(क) मध्येही विवाहानिमित्त केलेली व्यवस्था आणि कुटुंबीयांमधल्या वादग्रस्त हक्कांची तडजोड यांत ज्याचा लाभ ठरलेला आहे त्याला दाद मागण्याची मुभा आहे.

यासाठी हमखास दाखला दिला जातो तो ख्वाजा मुहम्मद खान विरुद्ध हुसैनी बेगम या १९१० च्या प्रिव्ही कौन्सिलच्या निकालाचा. १८७७ मध्ये मुलामुलीच्या लग्नाआधी दोघांच्या वडिलांत करार झाला की सासरा सुनेला 'खर्च-इ-पानदान' म्हणून महिना ५०० रुपये देईल. सून तेव्हा अल्पवयीन होती, करारात पक्षकार नव्हती. तरीही ती जिंकली. हा निकाल सांगताना बरेच जण एक गोष्ट गाळतात. त्या करारात विशिष्ट मिळकतीवर ती रक्कम चढवलेली होती, म्हणजे आपल्या भाषेत बोजा ठेवला होता. नातं आणि बोजा अशा दोन पायांवर तो दावा उभा होता. आत्याच्या कागदात नातं आहे, बोजा नाही. थोरल्याविरुद्ध दावा लावायला नातं पुरेल, पण गाळाच हातचा गेला तर काय, ते पुढे पाहू.

आणखी एक. आत्याने 'भाचा आहे, देईल' म्हणून पाच वर्षं वाट पाहिली, तर थकलेल्या हप्त्यांना मुदतीचा कायदा लागतो. पोटगीच्या थकबाकीला प्रत्येक हप्ता देय झाल्यापासून तीन वर्षं मिळतात, त्यामागचे हप्ते बुडतात.

'कर्ज तो फेडेल' एवढ्या ओळीवर मोकळं झालो असं मानणं

पतसंस्थेचं उत्तर सरळ नकाराचं आहे. एम. सी. चाको विरुद्ध स्टेट बँक ऑफ त्रावणकोर हा सर्वोच्च न्यायालयाचा १९६९ चा निकाल यावर चपखल बसतो. वडिलांनी एका बँकेच्या ओव्हरड्राफ्टला जामीन दिला होता. १९५१ मध्ये घरच्यांत मिळकत वाटून देताना त्यांनी लिहिलं की या जामिनाची काही देणेदारी निघालीच तर ती एका विशिष्ट मुलाने आपल्या वाट्यातून सोसावी. ओव्हरड्राफ्ट देणारी बँक ते कलम दाखवून मुलाच्या मिळकतीवर बोजा मागू लागली. न्यायालयाने सांगितलं की ते कलम कुटुंबातल्या इतरांना झळ लागू नये म्हणून आहे. बँकेच्या लाभासाठी ते लिहिलेलं नाही, त्यातून बोजाही निर्माण होत नाही, आणि बँक त्या लेखात पक्षकार नाही.

तेव्हा पतसंस्था धाकट्याकडेच येईल, आणि सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचा वसुली दाखलाही त्याच्या आणि त्याच्या जामीनदारांच्या नावे निघेल. वाटणीपत्राची प्रत दाखवून तो थांबत नाही. धाकटा इथे आणखी एक चूक करतो. आधी स्वतः ७ लाख भरायचे आणि मगच भावावर दावा, असं त्याला वाटतं. १९४२ च्या गजानन मोरेश्वर विरुद्ध मोरेश्वर मदन या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयात न्या. छागला यांनी ठरवलं की देणं निश्चित होऊन अंगावर आलं असेल, तर ज्याला भरपाईची हमी दिली आहे तो माणूस पैसे भरण्याआधीही हमी देणाऱ्याला 'मला यातून सोडव' असं सांगायला कोर्टात जाऊ शकतो. धाकटा वाटणीपत्रात पक्षकार आहेच, तेव्हा ही वाट त्याला खुली आहे. वसुली दाखल्याची नोटीस हातात पडली की त्याने हीच वाट धरावी.

मुळात टाळायचं असेल तर पतसंस्थेला सामील करून घेणं हाच इलाज. करार कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे जुना करार मोडून नवा होतो तो संबंधित सगळ्यांच्या संमतीने. पतसंस्थेने लेखी द्यायला हवं की आजपासून कर्जदार थोरला आणि धाकटा मुक्त. यातला दुसरा भाग बहुतेक पत्रांत नसतो, आणि मग पतसंस्थेला एकाऐवजी दोन कर्जदार मिळतात.

'मीच फेडतोय' असं लिहून बसणं

ही चूक थोरल्याची. पूर्वी खरेदीदार किमतीतले पैसे अडवून 'तुमच्या देणेकऱ्याला मी देतो' असं विकणाऱ्याला सांगत. जमना दास विरुद्ध राम औतार पांडे या खटल्यात ४४,००० रुपयांपैकी ४०,००० रुपये असे अडवले होते, पण गहाणदार खरेदीदारावर दावा करू शकला नाही, कारण वचन विकणाऱ्याला दिलेलं होतं. १९५२ च्या म्हैसूरच्या देवराज अर्स खटल्यात प्रसंग जवळपास तोच, निकाल मात्र उलट. तिथे खरेदीदाराने देणेकऱ्याला काही रक्कम धाडली आणि वर कळवलं की ही तुमच्यासाठी माझ्याकडे ठेवलेल्या पैशांतली आहे, उरलेलीही पाठवतो. या कबुलीने देणेकऱ्याशी थेट नातं जडलं आणि त्याला दाव्याचा हक्क मिळाला.

म्हणून थोरल्याने चौदा हप्ते भाऊ म्हणून गुपचूप भरले असतील तर ते एक. पतसंस्थेला त्याने 'वाटणीनुसार हे कर्ज आता माझं' असं पत्र किंवा व्हॉट्सॲप मेसेज पाठवला असेल तर ते वेगळं. वकिलाकडे जाताना भरणा पावत्यांवर कोणाचं नाव आहे आणि पत्रव्यवहारात कोण काय लिहून गेलंय, हे आधी काढून ठेवा. पतसंस्थेचा दावा उभा राहिला तर तो यावरच राहील.

बोजा न चढवणं

समजा आत्याचा दावा चालू असताना थोरल्याने गाळा विकला. आत्याचा हक्क नुसता थोरल्याविरुद्ध असेल, तर तिच्या हाती पैशांचा हुकूमनामा येईल आणि वसुलीला मिळकत सापडणार नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०० नुसार बोजा असता, किंवा कलम ३९ प्रमाणे तिची पोटगी त्या गाळ्याच्या उत्पन्नातून देय ठरलेली असती, तर ती खरेदीदाराच्याही मागे जाऊ शकली असती. त्यालाही मर्यादा आहे. पुरता मोबदला देऊन आणि या हक्काची माहिती नसताना घेणाऱ्याविरुद्ध तो चालत नाही. नोंदणीकृत लेखातली गोष्ट मात्र खरेदीदाराला माहीत होती असं कायदा धरतो, म्हणून नोंदणी आणि बोजा दोन्ही एकाच कागदात हवेत.

'थोरला दरमहा देईल' या वाक्यात बोजा नसतो. ते असं लिहिता येतं : 'लिहून देणार आपल्या वाट्याला आलेल्या वर वर्णन केलेल्या गाळ्याच्या भाड्यातून दरमहा ६,००० रुपये आत्याबाईंना त्यांच्या हयातीत देतील. सदर रकमेचा व थकबाकीचा बोजा सदर गाळ्यावर राहील आणि तो गाळा घेणाऱ्या कोणावरही बंधनकारक राहील.' नंतर मिळकत पत्रिकेत, आणि जमीन असेल तर सातबाराच्या इतर अधिकारात, नोंद करून घ्यायची. दोघा भावांनी उद्या परस्पर हे कलम रद्द करायचं ठरवलं, तर निव्वळ आपसातलं वचन रद्द करायला त्यांना फारसं कोणी अडवत नाही. आत्याच्या नावे एकदा बोजा निर्माण झाला की तिची सही घेतल्याशिवाय तो उतरत नाही.