मशीन-तासांवर आकारलेला व्हेरिएबल ओव्हरहेड: व्हेरियन्सचा कागद सुपरवायझरला कसा समजावावा

कॉस्टिंग विभागात नव्याने रुजू झालेल्यांना स्पेंडिंग आणि एफिशिअन्सी व्हेरियन्सची सूत्रे बहुधा पाठ असतात. अडचण येते ती महिनाअखेरीस तो कागद घेऊन शॉपमध्ये गेल्यावर, कारण सुपरवायझर सरळ विचारतो, ‘‘यातलं माझं किती आणि मी नेमकं काय करायचं?’’ कोल्हापूरकडच्या एका मशीन शॉपमध्ये काम करताना हाताळलेले एक प्रकरण इथे मांडतो. हिशेब समजायला सोपा जावा म्हणून आकडे पूर्णांकात घेतले आहेत.

शॉपमध्ये करड्या बिडाच्या कास्टिंगचे सीएनसी टर्निंग होत असे. एका नगाला प्रमाणित वेळ 15 मिनिटे, म्हणजे पाव मशीन-तास. व्हेरिएबल ओव्हरहेडचा प्रमाणित दर तासाला ₹120 होता: वीज ₹70, टिपा म्हणजे कटिंग इन्सर्ट ₹30 आणि कूलंट ₹20. एक ऑपरेटर दोन मशिने सांभाळत असल्यामुळे मजुरीच्या तासांवर हा खर्च आकारण्यात अर्थ नव्हता. वीज आणि टिपा मशीन चालते तेव्हाच खर्च होतात. विजेच्या दरात फक्त युनिटचा आकार धरला होता. डिमांड चार्जेस मशीन चालो वा न चालो भरावेच लागतात, त्यामुळे ते फिक्स्ड ओव्हरहेडमध्ये ठेवले होते. नवखे लोक वीजबिलाची संपूर्ण रक्कम व्हेरिएबल धरतात आणि काम कमी असलेल्या महिन्यात सुपरवायझरच्या माथी नसलेली उधळपट्टी मारतात.

त्या महिन्यात 9,600 चांगले नग निघाले. त्यांना प्रमाणाप्रमाणे 2,400 तास लागायला हवे होते. प्रत्यक्षात 2,600 लागले, आणि व्हेरिएबल ओव्हरहेडचा खर्च ₹3,25,000 झाला. आता 2,600 तासांना ₹120 दराने ₹3,12,000 खर्च मान्य होतो. प्रत्यक्ष खर्च त्याहून ₹13,000 जास्त, हा प्रतिकूल स्पेंडिंग व्हेरियन्स. काही पुस्तकांत यालाच एक्स्पेंडिचर व्हेरियन्स म्हटलेले आढळेल. जादा गेलेले 200 तास गुणिले ₹120 म्हणजे ₹24,000, हा प्रतिकूल एफिशिअन्सी व्हेरियन्स. दोन्ही मिळून ₹37,000.

इथे थांबलो तर सुपरवायझरला चुकीचा निरोप जातो. एफिशिअन्सी व्हेरियन्स हे नाव ऐकून वाटते की वीज किंवा कूलंट काटकसरीने वापरले गेले नाही. वास्तविक हा आकडा ओव्हरहेडच्या वापराबद्दल काहीच सांगत नाही. तो फक्त मशीन-तास किती जादा गेले एवढेच सांगतो आणि त्या तासांना ठरलेल्या दराने पैशांत मांडतो. दुसरीकडे स्पेंडिंग व्हेरियन्स म्हणजे ‘दर वाढले, म्हणजे खरेदी विभागाचा प्रश्न’ असेही नाही. त्यात भाव आणि वापर दोन्ही मिसळलेले असतात, म्हणून तो बाबवार फोडल्याशिवाय कोणाला दाखवूच नये.

फोड केली तेव्हा चित्र असे दिसले. विजेचा मान्य खर्च ₹1,82,000 होता, प्रत्यक्ष ₹1,79,400. कूलंटचा मान्य ₹52,000, प्रत्यक्ष ₹49,600. दोन्ही किंचित अनुकूल. टिपांचा मान्य खर्च मात्र ₹78,000 आणि प्रत्यक्ष ₹96,000, म्हणजे ₹18,000 प्रतिकूल. टिपेचा भाव ₹300 हाच होता, त्यात पैशाचाही बदल नव्हता. दहा तासांना एक या हिशेबाने 260 टिपा लागायच्या, स्टोअरमधून गेल्या 320. स्पेंडिंग नावाखाली दिसणारी ही रक्कम पूर्णपणे वापराची होती.

सुपरवायझर म्हणाला, ‘‘साहेब, माल कडक लागतोय, टीप टिकत नाही.’’ असे म्हणणे नोंदीशी ताडून पाहता येते, आणि ते पाहावेच, कारण हीच तक्रार सबब म्हणूनही पुढे येते. प्रॉडक्शन रिपोर्ट लॉटनुसार लावला. पहिल्या लॉटचे 4,800 नग 1,200 तासांत झाले होते, म्हणजे बरोबर 15 मिनिटांना एक. टिपा 120 लागल्या. दुसऱ्या लॉटच्या तेवढ्याच नगांना 1,400 तास आणि 200 टिपा लागल्या. मशिने तीच, ऑपरेटर तेच. शिल्लक कास्टिंगची हार्डनेस तपासली तेव्हा पातळ कडांवर चिल आलेले सापडले. बीड तिथे लवकर थंड झाले की कडक होते. टीप तुटू नये म्हणून ऑपरेटरनी फीड कमी केला होता आणि त्यामुळे नगाची वेळ साडेसतरा मिनिटांवर गेली. जादा तास आणि जादा टिपा अशा दोन वेगळ्या रकान्यांत दिसणारे कारण एकच होते.

विजेचे अनुकूल ₹2,600 तर बचत नव्हतीच. फीड कमी केल्यावर कटिंगचा भार उतरतो आणि मशीन तासाला थोडी कमी वीज घेते. पण तास वाढल्यामुळे मान्य खर्च पूर्ण ₹70 दराने वाढलेला असतो. खरे पाहता 9,600 नगांना ₹1,68,000 ची वीज पुरायला हवी होती, म्हणजे ₹11,400 जास्तच गेले. अशा अनुकूल आकड्याबद्दल सुपरवायझरची पाठ थोपटली, तर पुढच्या महिन्यात तो मशीन मुद्दाम हळू चालवील.

टिपांच्या बाबतीत उलट घडते. टीप तासांपेक्षा कापलेल्या नगांवर झिजते. प्रमाणाप्रमाणे एका टिपेवर 40 नग निघावेत, म्हणजे एकूण 240 टिपा. त्या हिशेबाने जादा 80 टिपांचे ₹24,000 होतात. कागदावर त्यांपैकी ₹18,000 स्पेंडिंगमध्ये आणि उरलेले ₹6,000 एफिशिअन्सीमध्ये विखुरलेले असतात. सर्व बाबींना मशीन-तास हा एकच आधार लावल्याची ही मर्यादा आहे, आणि माझ्या मते टिपांचा खर्च मोठा असलेल्या शॉपने त्यांचा दर नगावर ठेवावा.

म्हणून सुपरवायझरला रुपये कमी आणि त्याच्या हातातली परिमाणे जास्त सांगावीत: नगाला 15 ऐवजी साडेसतरा मिनिटे, टिपेमागे 40 ऐवजी 24 नग. ही दोन्ही त्याला शिफ्टमध्येच दिसतात, त्यासाठी महिनाअखेरची वाट पाहावी लागत नाही. या प्रकरणात त्याचा वाटा इतकाच की कडक माल पहिल्याच दिवशी बाजूला काढून क्वालिटीला कळवायला हवे होते. बाकी प्रश्न खरेदीचा. दुसरा लॉट नगामागे ₹4 स्वस्त मिळाला म्हणून मटेरियल प्राइस व्हेरियन्समध्ये ₹19,200 अनुकूल दिसत होते. त्यासमोर केवळ ओव्हरहेडमधले ₹37,000 ठेवल्यावर तो सौदा पुन्हा तपासला गेला.

नव्या ठिकाणी रुजू झाल्यावर मशीन-तास कुठून घेतले जातात ते आधी पाहावे. प्रमाणित 15 मिनिटांत कटिंग आणि नग चढवणे-उतरवणे एवढेच धरलेले असेल आणि प्रत्यक्ष तास अवरमीटरवरून, म्हणजे सेटिंगसकट, घेतले जात असतील, तर एफिशिअन्सी व्हेरियन्स दर महिन्याला प्रतिकूलच येणार. त्यात एरवी फारसा चढउतार नसेल आणि लहान लॉट जास्त असलेल्या महिन्यात तो नेमका वाढत असेल, तर संशय सेटिंगच्या तासांवर घ्यावा आणि ते वेगळे नोंदवायला लावावेत.