पाचशेची एसआयपी, 590 चा दंड: पॉकेटमनीतून गुंतवणूक करताना या चुका टाळा

माझा मामेभाऊ कोल्हापुरात हॉस्टेलवर राहतो. दिवाळीला घरी आला तेव्हा मोबाइल पुढे करून म्हणाला, "दादा, बाजार पडलाय का? माझे पैसे गेले कुठे?" मी आधी फंड पाहिला. फंडातले 500 जवळजवळ तसेच होते. मग बँकेचं स्टेटमेंट उघडलं. त्यात दोन महिन्यांत दोन ओळी होत्या, `ACH RTN CHRG` अशा, म्हणजे आपोआप कापला जाणारा हप्ता परत गेल्याचा दंड. प्रत्येकी 295 रुपये, म्हणजे 250 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी.

झालं होतं असं. त्यानं 500 रुपयांची एसआयपी सुरू केली, म्हणजे दर महिन्याला ठरलेल्या तारखेला बँक खात्यातून आपोआप म्युच्युअल फंडात जाणारा हप्ता. पहिला हप्ता यूपीआयनं लगेच भरला. पुढच्या हप्त्यांसाठी ॲपनं जी तारीख दाखवली, ती तशीच ठेवली: 5. घरून पैसे येतात 8 तारखेला. 5 तारखेला खात्यात होते 410. हप्ता बाऊन्स झाला आणि बँकेनं 295 कापले. पुढच्या महिन्यात 5 तारखेला खात्यात दीडशेच होते, त्यामुळे दंड थकला आणि 8 तारखेला घरचे पैसे पडताच वळता झाला. गुंतवले 500, दंड 590. दंडासकट खर्च भरून निघायचा तर त्या 500 चे 1090 व्हायला हवेत. वर्षाला 12 टक्के वाढ धरली, आणि तिची हमी कुणीच देत नाही, तरी त्याला सुमारे सात वर्षं लागतील.

हप्ता चुकला म्हणून म्युच्युअल फंड दंड लावत नाही, तो बँक लावते. म्हणून फंडाच्या ॲपमध्ये तो दिसतही नाही आणि मुलांना वाटतं, बाजारानं खाल्ले. महिन्याला एकदा बँकेचं स्टेटमेंट वाचायची सवय याचसाठी लावा. लहान रकमेला बाजारापेक्षा ठरावीक चार्ज जास्त खातो. 295 रुपये पन्नास हजारांच्या हप्त्यालाही तेवढेच आणि पाचशेलाही तेवढेच.

उपाय सोपा आहे. घरून पैसे 8 ला येत असतील तर हप्त्याची तारीख 12 ठेवा. पैसे कधी एक-दोन दिवस उशिरा येतात, तेवढी सवड हवी. हप्त्याची रक्कम आदल्या संध्याकाळीच खात्यात असू द्या, कारण कपात बहुतेक वेळा सकाळी लवकर होते. एखाद्या महिन्यात जमणार नसेल तर चार-पाच दिवस आधीच ॲपमधून हप्ता थांबवा. मोबाइलमधून ॲप काढून टाकलं म्हणून एसआयपी बंद होत नाही, बँकेला दिलेली परवानगी चालूच राहते.

आणि घरून पैसे कधी येतील याचा नेम नसेल, तर एसआयपी करूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच फंडात, पैसे हातात आले त्याच दिवशी, यूपीआयनं 500 एकदाच भरा. बाऊन्स व्हायला काही उरतच नाही. मेस, रिचार्ज, चहा यांतून उरलं तर भरू म्हणाल, तर उरत नाही. म्हणून आधी भरायचे.

अशीच गळती शेअर्समध्येही होते. 300 रुपयांचा एक शेअर घेतला आणि दहा रुपये नफ्यात विकला, तर डीमॅटमधून, म्हणजे शेअर्स ठेवायच्या खात्यातून, शेअर बाहेर जाताना साधारण 15-20 रुपये डीपी चार्ज लागतो. नफा दहाचा असला तरी हाती तोटा येतो. डीमॅट उघडायचंच असेल तर एकच उघडा आणि ते बेसिक प्रकारचं आहे का ते विचारा. सेबीच्या नियमानुसार त्यात 4 लाखांपर्यंतच्या गुंतवणुकीवर वार्षिक देखभाल शुल्क नसतं.

"टॅक्स वाचतो" म्हणून कुणी ईएलएसएस हा टॅक्स वाचवणारा म्युच्युअल फंड सुचवला, तर आधी स्वतःला विचारा: मला टॅक्स लागतो का? उत्पन्नच नसेल तर वाचणार काय? उलट त्यातला प्रत्येक हप्ता स्वतंत्रपणे तीन वर्षं अडकतो. आज भरलेला तीन वर्षांनी सुटेल, पुढच्या महिन्यातला त्यानंतर आणखी एका महिन्यानं.

शेवटचं, परीक्षा फीचं. भावानं पुढच्या सेमिस्टरच्या फीचे 4000 त्याच इक्विटी फंडात टाकायचं ठरवलं होतं, "तोवर वाढतील" म्हणून. मी ते बँकेत एफडीसारख्या ठिकाणी ठेवायला लावले. फी भरायची तारीख ठरलेली असते, आणि त्या आठवड्यात बाजार खाली असेल तर तोट्यात विकावं लागतं. शिवाय बऱ्याच इक्विटी फंडांत वर्षाच्या आत पैसे काढले तर 1 टक्का एक्झिट लोड कापतात. आता त्याच्या एसआयपीची तारीख 12 आहे आणि फीचे पैसे वेगळे पडून आहेत.