छेदात शून्य आलं तेव्हा कळलं

बारावीच्या बोर्डाला दोन आठवडे उरले होते आणि विद्युत-चुंबकत्वाची गणितं माझी हमखास चुकायची. पहिले तीन दिवस नवं काहीच सोडवलं नाही, जुन्या चुका तपासल्या. बहुतेक एककांच्या निघाल्या.

एका गणितात 100 ओहमचा, 5 मिलिअँपिअरला पूर्ण काटा जाणारा गॅल्व्हानोमीटर 5 अँपिअरसाठी वापरायचा होता, म्हणजे त्याला समांतर जोडायचा छोटा रोध, शंट S, काढायचा होता. मी ‘मिली’ विसरले आणि छेदात आलं 5 − 5! खरं उत्तर S = 0.5/4.995, म्हणजे साधारण 0.1 ओहम. प्रवाह हजारपट, तर शंट गॅल्व्हानोमीटरच्या रोधापेक्षा साधारण हजारपट लहान, हा ताळा तेव्हापासून.

पुढचे आठ दिवस रोज पाच गणितं, आधी एककं बदलूनच. शेवटचे तीन दिवस घड्याळ लावून जुन्या प्रश्नपत्रिका. दादर लोकलमध्ये मात्र फक्त सूत्रं. तिथे लिहायला कोपर हलत नाही.