चिडवल्या जाणाऱ्या लेकराच्या घरी निरोप कसा लिहावा

निरोप वर्गाच्या ग्रुपवर नको, पालकांच्या नंबरवर पाठवा. चिडवणाऱ्यांची नावं लिहू नका, 'मागच्या बाकावरचे दोघं' असंही नको. गावात तेवढ्यावरून घर कळतं आणि भांडण पारावर जातं. आपण काय केलं तेवढं लिहा:

'नमस्कार ताई. ऊसतोडीहून उशिरा आल्यावरून सोहमला मधल्या सुट्टीत चिडवतात, हे सोमवारी कळलं. संबंधितांशी मी एकेकट्याशी बोललो, त्यांच्या घरीही कळवलं. सोहमची जागा बदलली नाही, चूक त्याची नाही. दोन आठवडे खिचडीच्या वेळी मी स्वतः तिथं थांबतो. शुक्रवारी फोन करतो. तोवर तो काही बोलला तर त्याच्याच शब्दांत कळवा.'

पालक कारखान्यावर असतील तर हेच बोलून, आवाजात पाठवा. 'कोण आहे?' विचारलंच तर: 'नाव सांगता येणार नाही, पुढं काय होतंय ते सांगत राहीन.'