वाहतूक नियमांतील आकडे आणि क्रम स्मरणसूत्रांनी लक्षात ठेवताना या चुका टाळा

वाहन परवान्याच्या लेखी परीक्षेची तयारी करताना चिन्हे आणि अग्रक्रमाचे नियम समजून घेता येतात, पण आकडे आणि पायऱ्यांचा क्रम मात्र समजले तरी निसटतात. त्यासाठी स्मरणसूत्रे आणि मनचित्रे उपयोगी पडतात. ती कुचकामी ठरतात तेव्हा दोष बहुधा स्मरणशक्तीचा नसून सूत्राच्या रचनेचा असतो, आणि तो शोधून काढता येतो.

जे हिशोबाने मिळते, त्याचे चित्र करू नका

वेग आणि गाडी थांबण्याचे अंतर यांचा तक्ता जसाच्या तसा पाठ करणे ही सर्वांत वाया जाणारी मेहनत आहे. जर्मनीतील ड्रायव्हिंग शाळांत यासाठी एक सोपा हिशोब शिकवतात. ताशी वेगाला 10 ने भागावे; आलेल्या संख्येची तिप्पट म्हणजे प्रतिक्रियेत जाणारे मीटर आणि त्याच संख्येचा वर्ग म्हणजे ब्रेक लागल्यानंतरचे मीटर. ताशी 50 किलोमीटरला 15 अधिक 25, म्हणजे 40 मीटर होतात; ताशी 100 ला 30 अधिक 100, म्हणजे 130 मीटर. वेग दुप्पट झाल्यावर पहिला भाग दुप्पट होतो आणि दुसरा चौपट, हे एकदा कळले की तक्त्याची गरज उरत नाही. तुमच्या देशाच्या पुस्तिकेतील तक्ता वेगळ्या गृहीतकावर बेतलेला असू शकतो, म्हणून परीक्षेसाठी तिथलाच हिशोब वापरावा. सूत्रे राखून ठेवायची ती ज्यांच्यामागे असा हिशोब नाही, कायद्याने केवळ ठरवून दिले आहेत, अशा आकड्यांसाठी.

उलटे वाचन

अशा आकड्यांसाठी आपल्याकडची कटपयादी पद्धत मला सर्वांत सोयीची वाटते. तीत क पासून झ पर्यंत 1 ते 9, ट पासून ध पर्यंत पुन्हा 1 ते 9, प पासून म पर्यंत 1 ते 5, य पासून ह पर्यंत (य, र, ल, व, श, ष, स, ह) 1 ते 8 आणि न म्हणजे शून्य. मात्रा आणि अनुस्वार मोजत नाहीत, आणि जोडाक्षरातील शेवटचे व्यंजन तेवढे धरतात. शब्द तयार झाल्यावर अंक उजवीकडून डावीकडे वाचतात. कर्नाटक संगीतातील 72 मेळकर्ता रागांची नावे याच रीतीने आपला क्रमांक सांगतात: धीरशंकराभरणम् मधला ‘ध’ 9 आणि ‘र’ 2, म्हणून तो राग 29 वा.

आता टायरच्या खाचेची किमान खोली घेऊ. मोटारींसाठी भारतात आणि युरोपातील बहुतेक देशांत ती 1.6 मिलिमीटर आहे. 16 साठी आधी 6 चे अक्षर आणि मग 1 चे अक्षर हवे. च आणि क घेतले की ‘चाक’ हाती येते. ज्याचा नियम त्याचेच नाव, असा योग क्वचित जुळतो. मात्र हाच शब्द सरळ वाचला तर 61 होतात. असे झाल्याची खूण म्हणजे उत्तर अशक्य वाटू लागते, कारण नव्या मोटारीच्या टायरची खाचसुद्धा साधारण 8 मिलिमीटर असते. दशांश चिन्हाची अडचणही याच अंदाजाने सुटते: 16 अशक्य आणि 0.16 म्हणजे जवळजवळ गुळगुळीत टायर, तेव्हा उरतो तो 1.6.

शब्द सुंदर, आकडा परक्याचा

अर्थाने फार चपखल बसणारा शब्द मिळाला की तो मूळ आकड्याशी ताडून पाहण्याचा आपण कंटाळा करतो. मद्यपानाच्या मर्यादेचे उदाहरण पाहा. ‘नशा’ या शब्दात न म्हणजे 0 आणि श म्हणजे 5, म्हणजे 50. जर्मनी आणि फ्रान्समध्ये सर्वसाधारण चालकासाठी 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम हीच मर्यादा आहे, त्यामुळे तिथे हा शब्द अगदी नेमका आहे. भारतात मात्र ती मर्यादा 30 आहे आणि इंग्लंडमध्ये 80. भारतातील उमेदवाराने ‘नशा’ धरून ठेवला, तर तो चुकीचे उत्तर ठाम विश्वासाने लिहील, आणि स्मरणसूत्रामुळे होणारे खरे नुकसान हेच आहे.

30 साठी ‘नाग’ घ्यावा. इथे आणखी एक चूक सहज होते: नुसता फणा काढलेला नाग डोळ्यांपुढे आणला, तर परीक्षेत नाग आठवतो, पण तो वेगमर्यादेचा की दंडाचा, हे आठवत नाही. चित्रात प्रश्नही असायला हवा. नाग दारूच्या बाटलीतून बाहेर येऊन चालकाच्या हाताला डसतो आणि विष रक्तात भिनते, असे पाहिले तर मद्य, रक्त आणि 30 हे तिन्ही एकाच दृश्यात बांधले जातात.

वेगमर्यादांच्या बाबतीत या पद्धतीची एक मर्यादा उघड होते. बहुतेक मर्यादा शून्याने संपतात, म्हणून सगळे शब्द ‘न’ ने सुरू होतात: 60 ला नाच, 70 ला नथ, 80 ला नाद. नाच आणि नाद ही दोन्ही ध्वनीची चित्रे असल्याने आठवड्याभरात ती एकमेकांत मिसळतात. त्यावर उपाय असा की ज्या प्रकारच्या रस्त्याची मर्यादा असेल त्याच रस्त्यावर चित्र उभे करावे, म्हणजे नाच शहरातील चौकात आणि नाद दुभाजक असलेल्या मोकळ्या रस्त्यावर एखाद्या मोठ्या घंटेचा. स्पेन किंवा स्वित्झर्लंडच्या महामार्गाच्या 120 साठी ‘नरक’ तयार होतो, आणि तो मात्र कशात मिसळत नाही!

क्रमासाठी आद्याक्षरे पुरत नाहीत

लेन बदलण्याचा एक प्रचलित क्रम असा: आतला आरसा, बाहेरचा आरसा, इशारा, खांद्यावरून नजर, मग वळण. याची आद्याक्षरे जोडून ‘आ-बा-इ-खा-व’ करता येते, पण त्यातून सूचित काहीच होत नाही आणि मधले एक अक्षर गळाले तरी कळत नाही; नेमकी खांद्यावरची नजर गळते, जिच्यामुळे आरशात न दिसणारा भाग तपासला जातो. त्याऐवजी क्रम शरीरावर बसवावा. डोळे आधी मधल्या आरशाकडे, मग बाहेरच्या आरशाकडे जातात, नंतर बोट इशाऱ्याच्या दांडीवर, हनुवटी खांद्याकडे आणि शेवटी तळहात स्टिअरिंगवर. खुर्चीवर बसून या हालचाली केल्या तर एखादी पायरी राहिल्याचे लगेच जाणवते. तुमचा प्रशिक्षक इशारा आधी द्यायला सांगत असेल, तर त्याचाच क्रम बसवावा. दोन क्रम एकत्र शिकू नयेत.

क्रम पक्का झाला का हे पहिल्यापासून म्हणून पाहिल्याने समजत नाही. ‘इशाऱ्यानंतर काय?’, ‘वळणाआधी काय?’ असे मधूनच विचारून पाहावे. दर वेळी सुरुवातीपासून म्हटल्याशिवाय उत्तर येत नसेल, तर साखळी आहे पण कड्या सुट्या ओळखता येत नाहीत, आणि परीक्षेतील प्रश्न बहुधा सुट्या कडीबद्दलच असतो.

नियम बदलल्यावर

फ्रान्सने 2018 मध्ये दुभाजक नसलेल्या दुतर्फा रस्त्यांची मर्यादा 90 वरून 80 केली. असा बदल झाल्यावर जुन्याच चित्रात दुरुस्ती करू नये, कारण दोन्ही आकडे एकाच जागी राहतात आणि घाईत जुना वर येतो. नवे चित्र दुसऱ्या पात्राचे आणि दुसऱ्या जागेचे करावे, आणि काही दिवस प्रश्न स्वतःला विचारताना ‘आता किती?’ अशाच शब्दांत विचारावा.