बैठकीला येत नाही हे कळवायचं कसं

तुरीच्या हंगामात शेतकरी उत्पादक कंपनीच्या सचिवाला तालुक्याहून बैठकीचा निरोप येतो आणि नेमका त्याच दिवशी गावात काटा सुरू असतो. अशा वेळी बरेच जण लिहितात, 'पाहतो, जमलं तर येतो.' हे लिहूच नका. बोलावणारा तो होकार धरतो आणि तुमच्या गावाचा विषय तुम्ही याल म्हणून मागे ठेवतो. तुम्ही जात नाही, विषय तसाच राहतो.

निरोप आला त्याच दिवशी उत्तर द्या. पहिल्या वाक्यात कारण आणि नकार, मग पर्याय:

'साहेब, नमस्कार. गुरुवारी केंद्रावर काटा असल्याने बैठकीला येता येणार नाही. खरेदीचे आकडे बुधवारी रात्री 8 पर्यंत लिहून पाठवतो. बोलायचं असल्यास गुरुवारी संध्याकाळी 6 ला किंवा शुक्रवारी सकाळी 8 ला फोन करतो.'

माफीचा पाढा नको. 'केव्हाही बोलू' असंही नको, कारण काट्यावर असताना फोन उचलला जात नाही. रेंज असते अशाच दोन वेळा द्या.

खरी अडचण बुधवारच्या मजकुरात येते. 'काम सुरळीत सुरू आहे' ही माहिती नव्हे. बैठकीत तुम्हाला जे विचारलं असतं, त्याचं उत्तर त्यात हवं: किती झालं, काय उरलं, कुठे अडणार, आणि कोणाकडून काय कधीपर्यंत पाहिजे. शेवटचा भाग हमखास सुटतो, आणि मग बैठकीत आकडे वाचले जातात पण निर्णय होत नाही. असं लिहा:

'आजपर्यंत 62 शेतकऱ्यांची 420 क्विंटल तूर मोजली, 50 किलोची 840 पोती भरली. रिकामा बारदाना 160 उरला, रोज 120 लागतो. उद्याचा दिवस निघेल, शुक्रवारी 40 पोत्यांवर काटा थांबेल. शुक्रवारी सकाळपर्यंत 600 बारदाना मिळावा, ही विनंती.'

रजिस्टरच्या पानाचा फोटो पाठवू नका, मोबाइलवर रकाने वाचता येत नाहीत. बोललेला निरोपही नको; भरल्या बैठकीत तो कोणी लावून ऐकत नाही. मजकूर बोलावणाऱ्याच्या नंबरवर पाठवा. नुसता ग्रुपवर टाकला तर शुभ सकाळच्या खाली जातो. रात्री त्यांचा 'मग पोती किती हवीत?' असा फोन आला, तर मागणीची ओळ नीट लिहिली गेली नाही असं समजा आणि ती लगेच पुन्हा पाठवा.

संचालक मंडळाच्या बैठकीला मात्र ही रीत पुरत नाही. गणपूर्तीत माणसं मोजतात, कागद नाही. तुमच्यावाचून गणपूर्ती अडत असेल, तर माहिती पाठवण्याऐवजी तारीखच बदलून मागा, तीही नोटीस हातात पडल्याबरोबर.