अर्ज केल्यावर जाहिरातीतल्या अटी बदलल्या, तेव्हा लेखी उत्तर कसं मिळवलं

अर्ज केला तेव्हा जाहिरातीत 'आठवड्यातून दोन दिवस ऑफिस' होतं. मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात तीच लिंक उघडली, तर पाच दिवस ऑफिस आणि वर रात्रपाळी. एचआरला फोन केला, "मॅनेजर सांगतील." अर्ज मिळाल्याच्या मेलवर विचारलं, तर तो पत्ता no-reply निघाला. फार चिडचिड झाली.

मग अर्ज करताना काढलेला स्क्रीनशॉट शोधला. मुलाखतीच्या निमंत्रणाच्या मेलवरच रिप्लाय केला, कारण तिथे आलेलं उत्तर खरा माणूस वाचतो. वर जॉब आयडी, खाली जुनी आणि नवी ओळ जशीच्या तशी, सोबत स्क्रीनशॉट, आणि एकच प्रश्न: "माझ्या अर्जाला यातली कोणती अट लागू आहे?" दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं: रात्रपाळी दुसऱ्या पदाची, चुकून आली; पाच दिवस ऑफिस मात्र खरं.